निषादाखालची रेघ

भातखंडे पद्धतीने स्वरलेखन करताना कोमल स्वराखाली एक आडवी रेघ काढतात. मंद्र सप्तकातला स्वर असेल तर त्याच्या पायाशी टिंब येतं, तार सप्तकातला असेल तर तेच टिंब डोक्यावर जातं. मध्य सप्तकातल्या शुद्ध स्वराला काहीच चिन्ह नसतं. गाणाऱ्याचा डोळा या बारीक खुणांना इतका सरावलेला असतो की त्या वेगळ्या वाचाव्या लागत नाहीत. पण त्यातली एक जरी हलली तरी राग बदलतो. भीमपलासात गंधार आणि निषाद दोन्ही कोमल. त्यातल्या निषादाखालची रेघ पुसली गेली तर कागदावर उरतो तो जवळपास पटदीप.

सांगलीच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या संगीतशिक्षकांच्या घरात नेमकं हेच घडलं. घरच्यांच्या इच्छेनुसार इथे कोणाचंही नाव दिलेलं नाही. मुलगी आणि बरेचसे विद्यार्थी त्यांना अण्णा म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

अण्णांची नात पुण्यात राहते आणि आजोबांकडून गाणं शिकते. धडे फोनवर होतात, पण बंदिशीचं स्वरलेखन अण्णा स्वतःच्या हाताने कागदावर लिहितात आणि पाकिटात घालून पाठवतात. वर स्वर, त्याखाली बोल, त्याखाली तालाची चिन्हं, सोळा मात्रांचे चार खण पट्टीने आखलेले. भीमपलासातल्या एका छोट्या ख्यालाचा असा कागद आला आणि नात तो पेटीवर लावून गाऊ लागली. तिची आई, म्हणजे अण्णांची मुलगी, बँकेतून येऊन स्वयंपाकाला लागली होती. गाणं कानावर पडलं तशी ती म्हणाली, "अगं, भीमपलास काढलायस ना? मग हा पटदीप कुठून आला?" नातीने कागद पुढे केला. "यात नी शुद्धच आहे. आणि अंतऱ्यात तर सां वरून एकदम खालच्या नीवर जायचंय. आजोबांनी असं का लिहिलंय?"

तार षड्जावरून एका फटक्यात मंद्र निषादावर उडी छोट्या ख्यालाच्या साध्या अंतऱ्यात कोणी घेत नाही. मुलीने कागद दिव्याखाली धरला. पहिल्या ओळीत गंधार-निषादाखालच्या रेघा ठसठशीत होत्या. दुसऱ्या ओळीत त्या अक्षराच्या रुंदीपेक्षा आखूड झाल्या होत्या. अंतऱ्यापर्यंत येता येता काही ठिकाणी रेघ अक्षराच्या पायाला चिकटून दिसेनाशी झाली होती, आणि तार षड्जापुढच्या निषादाखाली तर तिचं टिंब झालं होतं. अण्णा कोमल स्वर विसरले नव्हते. प्रत्येक ठिकाणी त्यांनी पेन टेकवलं होतं आणि रेघ ओढली होती. फक्त ती रेघ पाच-सहा मिलीमीटरवरून जेमतेम एका मिलीमीटरवर आली होती.

हे तिच्या ध्यानात येण्याला दोन कारणं होती. एक तर ती स्वतः अण्णांच्याच वह्यांवर विशारदपर्यंत शिकलेली. वडिलांचं अक्षर तिने शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षराच्याही आधी वाचलेलं. दुसरं कारण तिच्या नोकरीचं. बँकेत चेकवरची सही नमुना सहीशी ताडून पाहणं हे तिचं कित्येक वर्षांचं रोजचं काम. वयस्कर खातेदारांच्या सह्या बदलतात हे तिला पाठ होतं. "पण म्हाताऱ्या माणसाची सही थरथरते, पसरते, कागदावर जास्त जागा घेते," असं ती मला सांगत होती. "अण्णांच्या अक्षरात थरथर नव्हती. वळण तेच, सफाई तीच. फक्त आकार घटत चालला होता. असं मी कधी पाहिलं नव्हतं."

हा फरक तिने डॉक्टरकडे जायच्या आधी टिपला होता आणि तो वैद्यकाच्या दृष्टीनेही नेमका होता. हात थरथरण्याचा जो सर्वांत नेहमीचा विकार आहे, ज्याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, त्यात लिहिताना हात कापतो. अक्षर मोठं, वेडंवाकडं, करवतीसारख्या दात्यांचं होतं. पार्किन्सनमधला कंप बहुधा हात स्वस्थ मांडीवर असताना येतो आणि पेन उचललं की कमी होतो. त्यामुळे अक्षर कापरं न होता बारीक होतं. ओळीच्या सुरुवातीला ते बरं असतं, शेवटाकडे आणखी बारीक आणि दाटीवाटीचं होत जातं. याला मायक्रोग्राफिया म्हणतात. काहींचं अक्षर पहिल्या शब्दापासूनच सारखं बारीक असतं, काहींचं लिहिता लिहिता आटतं. पुष्कळांत दोन्ही असतं.

गणपतीला ती सांगलीला गेली तेव्हा माळ्यावरची ट्रंक उतरवली. अण्णांनी काही टाकून दिलेलं नव्हतं. शाळेचे हजेरीपट, परीक्षांच्या याद्या, गुरूंकडून मिळालेल्या बंदिशींच्या जाड वह्या, गॅसच्या नोंदी, नातीला पाठवलेल्या कागदांच्या स्वतःजवळ ठेवलेल्या प्रती. तिने निवृत्तीच्या वर्षापासूनचे कागद क्रमाने जमिनीवर मांडले. मलाही ते तिने त्याच क्रमाने दाखवले.

निवृत्तीच्या वर्षीच्या वहीत अक्षर एकरेघी ओळीचा दोन तृतीयांश भाग भरून असतं. शिरोरेषा शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका हिसक्यात मारलेली, किंचित पुढे आलेली. काने सरळ, वेलांट्या गोल. पुढची तीन वर्षं फरक सांगता येत नाही. मग एका वहीत शिरोरेषा तुटू लागते. 'मध्यलय' हा शब्द लिहिताना पूर्वी एक रेषा असायची, आता तिचे तीन तुकडे. त्यानंतरच्या वहीत वेलांटीचा गोल भाग चपटा होतो आणि ओळ उजवीकडे जाताना थोडी वर चढते. मग उंची घटते. तिने पट्टी लावून मोजलं होतं. शिरोरेषेपासून पायापर्यंत पूर्वी पाच मिलीमीटर भरणारा 'म' पानाच्या वरच्या भागात साडेतीनवर आला होता आणि तळाशी दोनवर. पहिल्या बदलापासून भीमपलासाच्या कागदापर्यंत सुमारे चार वर्षं गेली होती, आणि या सगळ्या काळात घरातल्या कोणीही, अण्णांनी स्वतःही, अक्षराबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

न काढण्याचं कारण या आजारातच आहे. हालचाल करायची हे मेंदूचं बाह्यांग ठरवतं, पण सवयीची हालचाल किती मोठी आणि किती जोराची करायची याचं माप धरण्यात मेंदूच्या खोल भागातल्या बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रांचा मोठा वाटा असतो. त्या केंद्रांना डोपामीन पुरवणाऱ्या पेशी मध्यमेंदूतल्या सब्स्टँशिया नायग्रा या काळपट पट्ट्यात असतात. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरतात. हालचालीत बदल दिसू लागेपर्यंत साधारण निम्म्या गेलेल्या असतात. डोपामीन कमी पडलं की स्नायूंची ताकद जात नाही. माप आखूड पडतं. आणि माप धरणारंच बिघडल्यामुळे, केलेली हालचाल लहान झाली हेही आतून जाणवत नाही. अण्णांना आपण पूर्वीइतकीच रेघ ओढली असं मनापासून वाटत होतं. मुलीने जुना आणि नवा कागद शेजारी ठेवला तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पेन बदललं असेल."

एकदा अक्षराकडे लक्ष गेल्यावर बाकीच्या गोष्टी आपोआप ओळीत येऊन बसल्या. त्या घरात सगळ्यांना ठाऊक होत्या, पण प्रत्येकीला वेगळं कारण दिलं गेलं होतं. उजवा खांदा आखडला होता. त्याला फ्रोझन शोल्डर म्हणून शेक आणि व्यायाम चालला होता. पार्किन्सनची सुरुवात खांदा धरण्याने होणं आणि रुग्णाने आधी हाडांच्या डॉक्टरांकडे महिनोन्महिने घालवणं हे नेहमी घडतं. फोडणी जळली तरी अण्णांना वास येत नाही, अशी त्यांच्या पत्नीची तक्रार होती. ती सर्दीवर गेली. रात्री झोपेत ते ओरडत, हात झाडत, एकदा तर पलंगाशेजारचा तांब्या उडाला होता. ती स्वप्नं म्हणून सोडून दिली. बद्धकोष्ठ वयावर गेलं. वास जाणं, स्वप्नातल्या हालचाली झोपेत प्रत्यक्ष घडणं आणि बद्धकोष्ठ ही तिन्ही लक्षणं हालचालीतल्या बदलाच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकतात. एकेकटं कोणतंही लक्षण फारसं काही सांगत नाही. वास तर कितीतरी कारणांनी जातो.

पेटीचंही तसंच झालं होतं. ख्यालाची साथ ते पूर्वीसारखी करत. द्रुत तानेला मात्र उजव्या हाताची बोटं अडकत. आधी पट्ट्या पुरत्या दाबल्या जात नसत, मग बोटं घाईने एकमेकांवर चढत आणि स्वर एकमेकांत मिसळत. अण्णांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. त्यांनी द्रुत तान शिकवणं सोडलं आणि आलापावर भर दिला. विद्यार्थ्यांना ते वयानुरूप आलेलं गांभीर्य वाटलं.

पहिल्या भेटीत न्यूरॉलॉजिस्टने त्यांना कागद दिला आणि एक ओळ लिहायला सांगितली. अण्णांनी ती सुरेख, मोठ्या अक्षरात लिहिली. शिरोरेषा अखंड. मुलगी थक्क झाली. चार वर्षांचे कागद पिशवीत असताना समोर मात्र निरोगी माणसाचं अक्षर होतं.

हा या परीक्षेतला नेहमीचा सापळा आहे आणि डॉक्टरांना तो माहीत होता. सवयीने, न पाहता होणारी हालचाल बेसल गँग्लियांवर अवलंबून असते. तीच हालचाल जाणीवपूर्वक, लक्ष देऊन केली की मेंदूचं बाह्यांग ती आपल्याकडे घेतं आणि काही काळ माप पूर्ववत होतं. परीक्षा आहे म्हटल्यावर चाळीस वर्षं मुलांच्या परीक्षा घेतलेला माणूस जपून लिहिणारच. डॉक्टरांनी मग त्यांना तेच वाक्य पुन्हा पुन्हा, पानाच्या तळापर्यंत लिहायला सांगितलं, आणि लिहिता लिहिता शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने बोलायला लावलं. लक्ष आकड्यांकडे गेलं. तिसऱ्या ओळीपासून अक्षर उतरू लागलं, सहाव्या ओळीत ते भीमपलासाच्या कागदावरचं झालं.

पुढची तपासणी साध्या हातांनी झाली. अंगठा आणि तर्जनी जितकं उघडता येईल तितकं उघडून भरभर मिटायला सांगितलं. डाव्या हाताचं अंतर शेवटपर्यंत टिकलं. उजव्याचं दहाबारा वेळांत निम्मं झालं आणि मध्येच बोटं थबकली. मनगट सैल सोडायला सांगून डॉक्टरांनी ते फिरवलं तेव्हा दाते असलेलं चाक फिरावं तसा अडकत अडकत विरोध जाणवला. व्हरांड्यात चालताना डावा हात झुलत होता, उजवा अंगाला लागून होता. मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा बोलता बोलता किंचित हलत होता. मंदावलेली आणि आटत जाणारी हालचाल, तिच्या जोडीला ताठरपणा किंवा विश्रांतीतला कंप, आणि एका बाजूला जास्त: पार्किन्सनचं निदान आजही मुख्यतः याच पायावर होतं. रक्ताच्या साध्या तपासणीत हा आजार दिसत नाही. एमआरआय काढतात तो दुसरं काही नाही ना हे पाहण्यासाठी. पार्किन्सनमध्ये नेहमीचा एमआरआय बहुधा वयाला साजेसाच येतो. अण्णांचाही तसाच आला.

तरी डॉक्टरांनी त्या दिवशी निदानावर शिक्का मारला नाही. कारण गोळ्यांच्या डब्यात निघालं. अण्णा चक्कर येते म्हणून जवळजवळ दोन वर्षं सिनारिझिन घेत होते. कोणा परिचिताने सुचवलेली, दुकानातून आणलेली, रोज रात्री एक. सिनारिझिन आणि तिची बहीण फ्लुनारिझिन, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड, आणि मानसिक आजारांवरची बरीच औषधं मेंदूत डोपामीनचं काम अडवतात. दीर्घकाळ घेतली तर हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं उभी राहू शकतात. अक्षरही बारीक होतं. औषध थांबल्यावर ती बहुतेकदा ओसरतात, पण त्याला आठवडे ते महिने लागतात. अशी गोळी सापडली तर ती डॉक्टरांना दाखवायची आणि त्यांच्या सांगण्यावरूनच बंद करायची. विशेषतः मानसिक आजारावरचं औषध कोणी परस्पर थांबवू नये.

सिनारिझिन बंद झाली. तीन महिने थांबायचं ठरलं. ते तीन महिने घरात फार जड गेले असणार, कारण मुलगी त्यांच्याबद्दल बोलताना प्रत्येक वेळी वहीकडे वळते. तिने अण्णांना रोज एक ओळ लिहायला लावली होती. महिन्याभराने अक्षर थोडं वाढलं. घरात आशा पालवली. दुसऱ्या महिन्यात ते तिथेच थांबलं. तिसऱ्या महिन्यात पुन्हा खाली आलं. आणि हे सगळं उजव्या हाताचं. औषधाने आलेला विकार बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखा असतो. शिरोरेषा तर सिनारिझिन सुरू होण्याच्या दोन वर्षं आधीच्या वहीत तुटली होती. औषधाने भर घातली होती, पण आजार आधीचा होता. ट्रंकेतल्या वह्या नसत्या तर हा क्रम इतक्या खात्रीने लावता आला नसता, असं डॉक्टरांनी मुलीला सांगितलं.

अक्षराची ही गोष्ट रुग्णांनी डॉक्टरांच्या आधी पाहिलेली आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने 1817मध्ये या आजारावरचा निबंध लिहिला, तो सहा रुग्णांवर, त्यातले काही त्याने रस्त्यातच पाहिलेले. त्यानंतर अकरा वर्षांनी बर्लिनचा विद्वान विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट आपल्या पत्रांतून स्वतःच्या हाताची हकीकत लिहू लागला. अक्षर मोठं काढायचं ठरवून सुरुवात करावी आणि ते आपोआप बारीक होत जावं, याबद्दल त्याने लिहिलं आहे. हा तोच हुम्बोल्ट, ज्याने संस्कृत शिकून 1825-26च्या सुमारास बर्लिनच्या विद्वत्सभेत भगवद्गीतेवर व्याख्यानं दिली. त्याला आपल्या आजाराचं नाव माहीत नव्हतं, तो ते म्हातारपण समजत होता. पण भाषेच्या अभ्यासकाची नजर स्वतःच्या अक्षरावर फिरली आणि लक्षण टिपलं गेलं.

अण्णांना लेव्होडोपा सुरू झालं. हे मेंदूत जाऊन डोपामीन बनतं. त्याच्यासोबत कार्बिडोपा असतं, ते लेव्होडोपाचं शरीरात वाटेतच डोपामीन होऊ देत नाही. त्यामुळे औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि मळमळ कमी होते. शंभर मिलीग्रॅम लेव्होडोपाची गोळी, आधी अर्धी दिवसातून तीनदा, मग एकेक. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं. 1937मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळं काढलं होतं. अण्णांच्या एका विद्यार्थ्याने तिचं चूर्ण आणून दिलं. डॉक्टरांनी ते गोळीच्या जोडीला घेऊ दिलं नाही, कारण चूर्णाच्या चमच्यात लेव्होडोपा किती याचा भरवसा नसतो आणि दोन्ही मिळून मात्रा चुकते.

गोळीची वेळ ही पुढची शिकवणी ठरली. लेव्होडोपा आतड्यातून ज्या वाटेने शोषलं जातं त्याच वाटेने प्रथिनांतली अमिनो आम्लंही जातात, आणि वाट अपुरी पडते. मोड आलेल्या उसळीबरोबर किंवा पेलाभर दुधाबरोबर घेतलेली गोळी उशिरा आणि कमी लागते. म्हणून जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, पाण्याबरोबर. पत्नीने घड्याळाला तीन गजर लावले. उसळ रात्रीच्या जेवणात गेली.

मुलीने रोजच्या ओळीची पद्धतही बदलली. आता एक ओळ सकाळच्या गोळीआधी, एक तासाभराने, एक दुपारच्या गोळीआधी. ओळ एकच, कोऱ्या कागदावर, आणि लिहिताना अण्णांनी तिच्याशी फोनवर बोलायचं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तासाभरानंतरची ओळ स्पष्टपणे मोठी दिसू लागली. पूर्वीच्या पाच मिलीमीटरवर ती कधीच गेली नाही. चारच्या आसपास थांबली. औषधाने चालणं आणि हाताचा ताठरपणा जितका सुधारतो तितकं अक्षर सुधारतंच असं नाही. आजाराचा वेग मोजायलाही अक्षर हे कच्चं माप आहे. आजार डाव्या बाजूने सुरू झाला तर उजव्याने लिहिणाऱ्याचं अक्षर वर्षानुवर्षं चांगलं राहू शकतं, आणि काही रुग्णांत मायक्रोग्राफिया येतच नाही. पण गोळीचा अंमल कधी चढतो आणि कधी उतरतो हे त्या तीन ओळींतून चांगलं कळलं. वर्षाच्या शेवटी दुपारच्या गोळीआधीची ओळ पुन्हा आटू लागली तेव्हा डॉक्टरांनी मात्रा न वाढवता गोळ्यांमधलं अंतर कमी केलं, तीनाच्या चार वेळा झाल्या. मात्रा वाढवत नेली तर पुढे हातापायांना नको त्या वळवळत्या हालचाली सुरू होण्याचा धोका असतो, म्हणून ते हात राखून आहेत.

आणि मग दुरेघी वही आली. पहिलीतल्या मुलांना अक्षर गिरवायला देतात ती. फिजिओथेरपिस्टने सुचवली तेव्हा अण्णा दुखावले होते. विशारदांना शिकवलेल्या माणसाने दुरेघीत लिहायचं! पण दोन रेघांच्या मध्ये पेन टेकवलं आणि पहिल्याच ओळीत अक्षर वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत भरून आलं. आतलं माप आखूड झालं असलं तरी डोळ्यांना बाहेरचं माप दिलं की हात ते पाळतो. रेघा काढून घेतल्या की चार-पाच ओळी परिणाम टिकतो आणि मग ओसरतो, म्हणून रेघा हव्यातच.

बाहेरून माप देण्याची ही युक्ती हातापुरती नाही. अण्णांचं पाऊल आखूड झालं होतं आणि दारातून जाताना पाय जमिनीला चिकटत. ते आता चालताना मनात दादऱ्याचा ठेका धरतात आणि पहिलं पाऊल समेवर टाकतात. घरात तबल्याचं यंत्र विलंबित नव्हे, बेताच्या लयीत लावलेलं असतं. लय जलद केली की पाऊल पुन्हा आखूड होतं हे त्यांनीच शोधलं. आवाजही लहान झाला होता, आणि तिथेही तेच: आपण नेहमीसारखंच बोलतो, बाकीच्यांचे कान गेले, असं त्यांचं म्हणणं होतं. वाचाउपचारात त्यांना एकच सूचना मिळाली, मोठ्याने. एका श्वासात जमेल तितका लांब आणि जोरकस 'आ'. मुलांकडून आयुष्यभर खर्ज भरून घेतलेल्या माणसाला हे नवं नव्हतं. त्यांनी 'आ' काळी एकवर लावला आणि तंबोरा सोबत घेतला. तंबोऱ्याच्या वर आवाज गेला तरच ती फेरी धरायची, हा नियम त्यांनी स्वतः घातला आहे.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि त्यांचे घरचे तिथे एकमेकांना भेटतात. मुलगी अण्णांना एकदा तिथल्या सभेला घेऊन गेली. परतताना ते गाडीत म्हणाले, "तिथे सगळ्यांचे चेहरे माझ्यासारखेच. रागावलेले दिसतात, पण रागावलेले नसतात." चेहऱ्याचे स्नायूही कमी हलतात, त्यामुळे तसं दिसतं. नातीला हे त्या दिवशी कळलं. गेली दोन वर्षं आजोबा आपल्या गाण्यावर नाराज आहेत असं ती धरून चालली होती आणि तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. मला या सगळ्या हकीकतीत सर्वांत जास्त हेच लागलं. अक्षराचा कागद तरी मोजता आला. नातीने मनाशी धरलेली गोष्ट कुठल्याच वहीत नव्हती.

अण्णांच्या गुरूंनी दिलेल्या बंदिशींची एक वही अर्धीच उतरवून झालेली आहे. मूळ कागद जुने, कडांना झडलेले, आणि त्यातल्या काही बंदिशी त्यांच्या माहितीत दुसऱ्या कोणाकडे नाहीत. हे काम स्वतःच्या हाताने पुरं करायचं त्यांनी ठरवलं होतं. आता ते आठवड्यातून तीन दिवस, दहाच्या गोळीनंतर तासाभराने, व्हिडिओ कॉलवर बसतात. अण्णा ओळ गातात, ताल हाताने धरतात, नात लिहून घेते आणि कॅमेऱ्यासमोर कागद धरते. कोमल स्वराखालची रेघ तिने लाल पेनाने काढायची, हे दोघांनी मिळून ठरवलं.

मी गेलो त्या दिवशी त्यांचं मींडेवरून अडलं होतं. दोन स्वरांवर कमान काढून मींड दाखवतात, पण त्या बंदिशीत मींड धैवताला नुसती स्पर्शून पुढे जात होती आणि नातीने धैवत पूर्ण मात्रेचा लिहिला होता. अण्णांचं म्हणणं, तो कणस्वर म्हणून डोक्यावर बारीक लिही. नातीचं म्हणणं, कणस्वर लिहिला तर पुढे वाचणारा मींड घेणारच नाही, नुसता चाटून जाईल. अण्णांनी ती जागा पुन्हा गाऊन दाखवली, या वेळी तंबोऱ्याच्या वर आवाज काढून. नात म्हणाली, "आजोबा, आता तर तुम्ही धैवतावर थांबलात." मुलीने मध्ये पडून दोन्ही पाठ लिहून ठेवायला सांगितले. अण्णांना ते पटलं नाही. पुढच्या गोळीची वेळ झाली म्हणून त्या दिवसापुरता वाद थांबला, आणि वहीत ती मात्रा पेन्सिलीने लिहिलेली आहे.